पट्ट्याची मशीनगन आणि मॅगझिनची मशीनगन: गोळी चेंबरपर्यंत कशी पोहोचते

प्रश्न: काही मशीनगनना गोळ्यांचा पट्टा लागतो, काहींना मॅगझिन. फरक फक्त गोळ्यांच्या संख्येचा आहे का? पट्ट्यात गोळ्या एकमेकींना कशा जोडलेल्या असतात आणि बंदूक त्यातून एकेक गोळी सोडवून चेंबरमध्ये कशी घालते?

उत्तर:

संख्या हा फरकाचा सगळ्यात वरवरचा भाग आहे. खरा फरक आहे तो पुढची गोळी जागेवर आणण्याची ताकद कोण पुरवतो यात. मॅगझिनमध्ये ती ताकद भरणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने आधीच स्प्रिंगमध्ये साठवलेली असते. बंदुकीने फक्त वरची गोळी पुढे ढकलायची. पट्ट्याच्या बंदुकीत अशी साठवण कुठेच नसते. नुकत्याच उडालेल्या गोळीने जी ताकद मागे सोडली, तिच्यातूनच बॅरलचे मागचे टोक बंद करणारा बोल्ट मागे न्यायचा, रिकामी केस म्हणजे गोळीचे उरलेले आवरण फेकायचे, रिटर्न स्प्रिंग दाबायची आणि शिवाय लोंबणारा पट्टाही एक घर, म्हणजे एका गोळीच्या अंतराइतका, सरकवायचा. बंदुका दुरुस्त करणारा आर्मरर म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या पट्ट्याच्या बंदुकांपैकी ज्या अडत होत्या, त्यांतल्या बहुतेकांचा दोष शेवटी या जमाखर्चातच सापडला. म्हणून मी उत्तर याच धाग्याने देतो.

आधी मॅगझिन, कारण ते सोपे आहे. डब्याच्या तळाशी स्प्रिंग, तिच्यावर सरकपट्टी, तिच्यावर गोळ्यांची चळत आणि तोंडाशी आत वळलेले दोन ओठ. ओठ वरच्या गोळीला थोपवून धरतात. बोल्ट पुढे येताना गोळीच्या बुडाला लागतो, गोळी ओठांखालून पुढे सरकते, तिचे टोक उतारावर चढते आणि बॅरलच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, म्हणजे चेंबरमध्ये, शिरते. बोल्ट पुन्हा मागे गेला की स्प्रिंग पुढची गोळी वर आणते. यात स्प्रिंगला वेळेची मर्यादा असते. बोल्ट मागे जाऊन परत येईपर्यंत उरलेली सगळी चळत तिने वर उचलायलाच हवी.

ब्रिटिश सैन्याची ब्रेन गन या पद्धतीचे उत्तम उदाहरण. .३०३ ची गोळी, वरून लावायचे वाकडे मॅगझिन, क्षमता ३० ची, पण भरताना सहसा २८ च भरत, म्हणजे स्प्रिंगवर कमाल ताण येत नाही. मिनिटाला सुमारे ५०० गोळ्यांचा वेग धरला, तर २८ गोळ्या घोडा दाबून ठेवल्यास साडेतीन सेकंदांच्या आत संपतात. मॅगझिन वर असल्यामुळे शेजारी पडून राहिलेला नंबर दोन, म्हणजे बंदूक चालवणाऱ्याचा मदतनीस, ते चटकन बदलू शकतो आणि बंदूकही जमिनीलगत ठेवता येते. तरी दर काही सेकंदांनी मारा थांबणार, ही गोष्ट टळत नाही.

मग मॅगझिनच मोठे का करत नाहीत? करतात, पण फार लांब जाता येत नाही. चळत जितकी उंच, तितकी स्प्रिंग कडक हवी. कडक स्प्रिंगमुळे वरची गोळी ओठांवर जास्त जोराने दाबली जाते आणि बोल्टला ती सोडवायला जड जाते. मॅगझिन संपत आले की तीच स्प्रिंग सैल पडते आणि शेवटच्या गोळ्या आळसाने वर येतात. एकाच स्प्रिंगकडून पहिल्या आणि शेवटच्या गोळीला सारखी वागणूक मिळत नाही. सोव्हिएत आरपीके मशीनगनचे ७५ गोळ्यांचे ड्रम ही त्या दिशेने केलेली चांगली झेप आहे, पण ड्रम जड असतो आणि भरायला वेळ खातो. सतत मारा करण्यासाठी वापरायच्या बंदुकीला पट्टाच लागतो.

आता पट्टा. सुरुवात कापडाची होती. मॅक्सिमने १८८० च्या दशकात जी मशीनगन बनवली तिच्यात आणि पुढे ब्रिटिशांनी १९१२ मध्ये स्वीकारलेल्या विकर्समध्ये कापडाचा विणलेला पट्टा असे. विकर्सच्या पट्ट्यात २५० गोळ्या बसत. दोन पदरांच्या मध्ये खिसे आणि खिशांच्या मध्ये पितळेच्या पट्ट्या. त्यांतल्या ठरावीक अंतरावरच्या पितळी पट्ट्या जरा लांब असत, म्हणजे गोळ्या एका रेषेत बसल्या आहेत की नाहीत हे नजरेने कळे.

या पट्ट्यात गोळी चारही बाजूंनी वेढलेली असते. त्यातच .३०३ किंवा रशियन ७.६२×५४ यांसारख्या गोळीच्या बुडाला कडेने बाहेर आलेली कडी असते, ज्याला रिम म्हणतात. रिम केसपेक्षा रुंद. अशी गोळी पुढे ढकलून काढायची म्हटले तर रिम खिशाला अडकणार. म्हणून ती मागे ओढूनच काढावी लागते. विकर्समध्ये बोल्टच्या तोंडाशी वर-खाली सरकणारा एक्स्ट्रॅक्टर असतो. बोल्ट पुढे असताना तो एकाच वेळी दोन गोळ्यांना धरतो: खाली चेंबरमधल्या गोळीला आणि वर पट्ट्यातल्या पुढच्या गोळीला. गोळी उडाली की दोन्ही मागे येतात, खालची रिकामी केस म्हणून आणि वरची पट्ट्यातून सुटून. मग एक्स्ट्रॅक्टर खाली उतरतो, नवी गोळी चेंबरच्या रेषेत येते आणि बोल्ट तिला घेऊन पुढे जातो.

या मागे ओढण्याच्या पद्धतीची एक खुबी लक्षात घ्या. केस बुडाकडे किंचित रुंद आणि तोंडाकडे किंचित बारीक असते. मागे ओढताना ती एखाद-दुसरा मिलिमीटर सरकली की लगेच मोकळी होते. पुढे ढकलताना उलट होते. रुंद भाग पकडीतून जायचा असतो, म्हणून पकड थोडी ताणावी लागते. मागे ओढण्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. गोळी आधी मागे, मग खाली, मग पुढे जाते, त्यामुळे हलणारे भाग वाढतात. तरीही ही पद्धत मेलेली नाही. १९६९ ची सुधारित सोव्हिएत मशीनगन पीकेएम आजही ७.६२×५४ ची रिमवाली गोळी पट्ट्यातून नखांनी मागे ओढते. जाड गोळीच्या अमेरिकन एम२ ब्राउनिंगमध्ये रिम नसतानाही गोळी मागेच ओढली जाते, कारण तिची रचना मुळात तशीच झाली होती.

कापडाचे दुखणे पाण्याने वाढत असे. ओला पट्टा फुगतो, खिसे आवळतात, गोळी ओढायला जड जाते. विमानांवर दुसरीच अडचण आली. रिकामा पट्टा दुसऱ्या बाजूने बाहेर येई आणि वाऱ्यात फडफडून अडकत असे. पहिल्या महायुद्धात प्रिडो यांच्या धातूच्या लिंकने यावर उत्तर दिले. त्यात पट्टा असा वेगळा राहतच नाही. गोळी निघाली की लिंक सुटी होऊन खाली पडते.

आजच्या बहुतेक पट्ट्यांचा पाया हीच कल्पना आहे, म्हणून ती हातात धरून बघू. ७.६२×५१ साठीची एम१३ लिंक घ्या. पत्र्याचा वाकवलेला लहानसा तुकडा. एका बाजूला दोन कड्या, मधे फट. दुसऱ्या बाजूला एकच कडी. एका लिंकची एकटी कडी शेजारच्या लिंकच्या दोन कड्यांच्या फटीत बसते आणि तिन्ही कड्यांतून गोळी आरपार जाते. दाराच्या बिजागरीत दांडी जे काम करते तेच इथे गोळी करते. दांडी काढली की दोन पाती वेगळी होतात, तशा दोन लिंक वेगळ्या होतात. वेगळा धागा, वेगळी साखळी काहीच नाही. गोळ्याच पट्टा धरून ठेवतात.

या कड्या पूर्ण बंद नसतात. एका बाजूने उघड्या असतात आणि पत्र्याच्या लवचिकपणाने गोळीला कवटाळतात. लिंकच्या मागच्या टोकाला एक छोटी जीभ असते. गोळीच्या बुडाजवळ एक्स्ट्रॅक्टरसाठी जी खाच असते, तिच्यात ही जीभ टचकन बसते. या जिभेमुळे गोळी पुढे-मागे घसरत नाही आणि सगळ्या गोळ्यांची बुडे एका ओळीत राहतात. रिम नसलेल्या गोळीत बुडाचा व्यास केसइतकाच असतो, म्हणून ती कड्यांतून पुढे ढकलता येते. जर्मनांच्या एमजी ३४ आणि एमजी ४२ मध्ये हाच मार्ग होता, फक्त त्यांच्या पट्ट्याच्या लिंक तारेच्या वेटोळ्यांनी कायमच्या जोडलेल्या असत, गोळी निघाल्यावर सुट्या होत नसत.

दोन पट्टे जोडायचे असतील तर एकाच्या शेवटच्या लिंकची एकटी कडी दुसऱ्याच्या दोन कड्यांमध्ये धरायची आणि त्यांतून एक गोळी जीभ बसेपर्यंत दाबायची. नंबर दोनचे खरे काम हेच असते. बंदूक चालू असतानाच मागे दुसरा पट्टा जोडत राहायचे.

आता एका गोळीचा पूर्ण फेरा बघू. उदाहरणाला एफएन मॅग घेतो, बेल्जियमच्या एफएनची १९५८ च्या सुमाराची बंदूक. तिचा बोल्ट बंद करण्याचा भाग अमेरिकन बीएआर रायफलवरून घेतला आहे आणि पट्टा ओढण्याचा भाग एमजी ४२ वरून. वेग मिनिटाला ७५० धरू. म्हणजे एका फेऱ्याला ८० मिलिसेकंद, सेकंदाला साडेबारा फेरे.

घोडा दाबण्याआधी बोल्ट मागे अडकलेला असतो, चेंबर रिकामे असते. फीड ट्रेवर पट्ट्याची पहिली गोळी थांबा पट्टीला टेकून बसलेली असते, कड्यांची उघडी बाजू खाली. वरून टॉप कव्हर बंद. घोडा दाबला की बोल्ट सुटतो. बोल्टच्या माथ्यावरचा उंचवटा गोळीच्या बुडाला मागून लागतो आणि ती पुढे ढकलतो. लिंकला पुढे जाता येत नाही, ट्रेची पुढची कड तिला अडवते. त्यामुळे जोर दोघांमध्ये विभागला जातो: गोळी पुढे, लिंक जागेवर. पहिल्या झटक्याला जीभ वर लवून खाचेतून बाहेर निघते, मग केसचा रुंद भाग कड्या किंचित फाकवत पुढे सरकतो. गोळीचे टोक ट्रेपुढच्या उतारावरून खाली झुकते आणि कव्हरमधला मार्गदर्शक भाग बुडाला खाली दाबतो, त्यामुळे मागचा भागही खाली उतरतो. गोळी सरळ होऊन चेंबरमध्ये जाते, एक्स्ट्रॅक्टर खाचेवर चढतो, बोल्ट कुलूपबंद होतो आणि फायरिंग पिन पुढे येते.

गोळी बॅरलमधून जाताना बॅरलच्या भोकातून थोडा गॅस खालच्या नळीत शिरतो आणि पिस्टन मागे ढकलतो. कुलूप सुटते, बोल्ट मागे जातो, रिकामी केस बंदुकीच्या खालून पडते. सुटलेली लिंक उजव्या बाजूने बाहेर जाते. बोल्ट मागे पोहोचला, घोडा दाबलेलाच असेल तर पुन्हा पुढे.

या सगळ्यात पट्टा कधी आणि कसा सरकतो, हा मला या बंदुकीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बोल्टच्या माथ्यावर एक रोलर असतो. टॉप कव्हरमध्ये एक लांब दांडा असतो आणि त्याच्या खालच्या अंगाला वळणदार खोबण असते. रोलर त्या खोबणीतून पुढे-मागे धावतो, त्यामुळे दांडा डावी-उजवीकडे हलतो. हीच हालचाल एका छोट्या तरफेतून पुढच्या बाजूला पॉल नावाच्या दातांना मिळते. पॉल दोन जोड्यांत असतात आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने हलतात. एक जोडी पट्ट्याला आत ओढत असते तेव्हा दुसरी बाहेर सरकून पुढच्या गोळीमागे जाऊन बसते. बोल्टची दिशा बदलली की कामे बदलतात. परिणाम असा की पट्टा एका फेऱ्यात एकदम एक घर सरकत नाही. बोल्ट पुढे जाताना अर्धे घर आणि मागे येताना उरलेले अर्धे.

याने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. ७.६२ ची गोळी साधारण २४ ग्रॅम आणि लिंक चारेक ग्रॅम, म्हणजे एका घराचे वजन २८ ग्रॅमच्या आसपास. एक घर सुमारे दीड सेंटीमीटरचे. बंदुकीखाली अर्धा मीटर पट्टा लोंबत असेल, तर ३०–३५ गोळ्या, म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम वजन लोंबते आहे. हे ९०० ग्रॅम दीड सेंटीमीटर उचलायला खरे तर फार ताकद लागत नाही. ताकद जाते ती थांबलेल्या पट्ट्याला पुन्हा पुन्हा वेग देण्यात, कारण पट्टा प्रत्येक घराला थांबतो आणि प्रत्येक घराला नव्याने हलवावा लागतो. समजा पूर्ण दीड सेंटीमीटर बोल्टच्या एकाच धावेत, ३० मिलिसेकंदांत सरकवायचे, तर पट्ट्याला सरासरी सेकंदाला अर्धा मीटर वेग द्यावा लागेल. दोन धावांत विभागले तर प्रत्येक धावेत वेग निम्मा पुरतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून प्रत्येक अर्ध्या घराला चौथाई ऊर्जा लागते. दोन्ही मिळून एकूण खर्च निम्मा. पॉलच्या टोकावर आणि लिंकच्या पत्र्यावर येणारा झटकाही निम्मा. एमजी ४२ मिनिटाला १२०० च्या आसपास गोळ्या झाडत असे. त्या वेगाला पट्टा न तुटता चालला यात या अर्ध्या-अर्ध्या चालीचा मोठा वाटा आहे.

हा जमाखर्च कळला की बिघाड ओळखणे सोपे होते. नेहमी भेटणारा बिघाड असा: घोडा दाबला, बोल्ट पुढे गेला, पण गोळी उडाली नाही. आधी एक सावधगिरी. बॅरल तापलेले असेल आणि चेंबरमध्ये गोळी असण्याची शक्यता असेल, तर कव्हर लगेच उघडायचे नसते. तापलेल्या चेंबरमधली गोळी उष्णतेने आपोआप उडू शकते. मॅगसारख्या बंदुका मारा थांबल्यावर बोल्ट मागे ठेवतात ते मुख्यतः याच कारणाने. म्हणून थांबण्याची ठरवून दिलेली वेळ पाळायचीच. मग कव्हर उघडून पाहिले तर चेंबर रिकामे आणि पुढची गोळी ट्रेवर अर्ध्या वाटेत, थांब्यापासून अलीकडेच. म्हणजे बोल्टला ढकलायला समोर गोळीच नव्हती. पट्टा पूर्ण घर सरकला नाही.

याला दोनच कारणे असू शकतात. मिळकत कमी झाली किंवा खर्च वाढला. मिळकत कमी म्हणजे गॅसच्या भोकात किंवा पिस्टनवर काजळी, गॅस रेग्युलेटर चुकीच्या जागी, बंदूक कोरडी. खर्च वाढला म्हणजे पट्टा पेटीच्या कडेवर घासतोय, पीळ पडलाय किंवा फारच लांब लोंबतोय. कोणते ते शोधण्याची साधी पद्धत आहे. नंबर दोनने पट्टा हातावर तोलून ट्रेच्या पातळीत धरायचा आणि पुन्हा मारा करून पाहायचा. बंदूक नीट चालली तर दोष पट्ट्याच्या वजनात किंवा वाटेत आहे. तरीही अडली तर गॅसकडे वळा. रेग्युलेटर वळवून जास्त गॅस द्यायची घाई मात्र करू नका. जास्त गॅसने बंदूक आज चालेल, पण बोल्ट मागे जोराने आपटत राहील आणि भाग लवकर झिजतील. आधी सफाई, मग पट्ट्याची वाट, मग रेग्युलेटर.

मिळकत फारच कमी झाली, तर एक धोकादायक प्रकार घडतो. बोल्ट पुढची गोळी उचलण्याइतका मागे जातो, पण त्याला मागे अडकवून ठेवणाऱ्या सिअरवर अडकण्याइतका मागे जात नाही. घोडा सोडला तरी बंदूक सुरूच राहते. मॅगझिनच्या बंदुकीत हे मॅगझिन संपले की आपोआप थांबते. पट्ट्याच्या बंदुकीत पट्टा संपेपर्यंत थांबत नाही, म्हणून बॅरल सुरक्षित दिशेला रोखून धरायचे आणि पट्टा पिळून किंवा तोडून पुरवठा बंद करायचा. पट्टा कसा तोडायचा हे प्रत्येक नंबर दोनच्या अंगवळणी असावे.

दुसरा नेहमीचा बिघाड पट्ट्यातच असतो. एखादी गोळी लिंकमध्ये पूर्ण बसलेली नसते, जीभ खाचेत नसते. अशी गोळी ओळीतून काही मिलिमीटर पुढे किंवा मागे राहते. ट्रेवर ती थांब्यावर तिरकी लागते, बोल्टचा उंचवटा बुडाच्या कडेला बसतो आणि गोळी वाकडी होऊन अडकते. याची खूण म्हणजे अडकलेल्या गोळीच्या केसवर तिरका चरा आणि लिंकची कडी उलगडलेली. हे बंदुकीवर जाण्याआधी सापडते. पट्टा सपाट पृष्ठभागावर सरळ पसरायचा आणि बुडांच्या ओळीवरून बोट फिरवायचे. ओळीबाहेरची गोळी बोटाला लगेच लागते. मी नवीन माणसाला पट्ट्याबद्दल पहिली गोष्ट हीच शिकवतो.

वापरलेल्या लिंक पुन्हा भरू नयेत असे मी ठामपणे सांगतो. गोळी निघताना कडी थोडी फाकते आणि जीभ थोडी वाकते. पुन्हा भरलेल्या पट्ट्यात काही गोळ्या सैल आणि काही घट्ट राहतात. एमजी ३४ च्या किंवा पीकेएमच्या न सुटणाऱ्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी, ते पुन्हा भरण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांच्यातही वाकलेली घरे बाजूला काढावी लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पट्ट्यावर तेल चोपडू नका. तेलाला वाळू चिकटते, ती ट्रेमधून आत जाते आणि तेलकट केस चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही, त्यामुळे बोल्टच्या तोंडावर जास्त दाब येतो. पट्टा कोरडा आणि स्वच्छ ठेवा, तेल बंदुकीच्या धावत्या भागांना द्या.

सुट्या लिंकांचाही विचार करा. एकाच जागी बसवलेल्या किंवा वाहनावरच्या बंदुकीला लिंक गोळा करायला पिशवी असते. ती भरली की लिंक बाहेर पडण्याच्या तोंडातच थांबतात, आणि पुढची लिंक ट्रेवरून हलत नाही. बंदुकीत काहीच खराब नसते, तरीही ती अडते. माणूस गॅस तपासत बसतो आणि उत्तर पिशवीत असते.

मिळकत आणि खर्चाचा हा हिशोब एका बंदुकीने फार स्पष्ट दाखवून दिला. एफएनची मिनिमी ५.५६ च्या गोळीची, पट्ट्यावर चालते, पण डाव्या बाजूला तिला रायफलचे मॅगझिनही लावता येते. कल्पना अशी की पट्टा संपला तर शेजारच्या रायफलवाल्याकडून मॅगझिन घ्यावे. पट्ट्यावर ती मिनिटाला साधारण ७०० ते ८५० वेगाने चालते. मॅगझिन लावले की पट्टा ओढण्याचा खर्च संपतो, वाचलेली ताकद बोल्टला मिळते आणि वेग १,००० च्या आसपास चढतो. रायफलच्या मॅगझिनची स्प्रिंग मुळात त्या वेगासाठी बनवलेली नसते. बोल्ट परत येतो तेव्हा वरची गोळी अजून पूर्ण वर आलेली नसते, बोल्ट तिच्या वरून जातो किंवा तिला अर्ध्यात पकडतो, आणि बंदूक अडते. अमेरिकन विशेष दलांसाठी काढलेल्या एमके ४६ या हलक्या रूपात मॅगझिनचे तोंड काढूनच टाकले गेले. वजनही वाचले आणि धूळ आत शिरायची एक वाटही बंद झाली.

म्हणजे मॅगझिनवाली मशीनगन निरुपयोगी ठरते असे नाही. सोव्हिएत सैन्याने १९६१ मध्ये तुकडीतली पट्ट्यावरची आरपीडी बाजूला ठेवून मॅगझिनवर चालणारी आरपीके आणली, आणि त्याच सुमाराला जड कामासाठी पट्ट्यावरची पीके आणली. निवड पूर्णपणे कामावर ठरली. पळत पुढे जाणाऱ्या माणसाच्या हातातली बंदूक झुडपातून ओढली जाते, चिखलात आपटते. त्याला लोंबणारा पट्टा अडचणीचा आणि आरपीकेचे सुटे भाग बाकीच्यांच्या एकेएम रायफलींशी जुळतात हेही मोलाचे. एका जागी ठाण मांडून मिनिटामागून मिनिटे मारा करायचा असेल तर पट्टा हवाच, आणि त्याबरोबर चटकन बदलता येणारे बॅरलही हवे, कारण गोळ्यांचा पुरवठा थांबला नाही की तापणारे बॅरल हीच पुढची मर्यादा ठरते. आरपीकेचे बॅरल मैदानात बदलता येत नाही. तिच्या ७५ च्या ड्रमपेक्षा मोठा साठा लावला असता, तरी बॅरलने तो मारा फार वेळ सहन केला नसता.

रिकामी करतानाही दोघांची सवय वेगळी लागते. मॅगझिनवाल्या बंदुकीचे मॅगझिन काढले की नवीन गोळी येण्याची वाट बंद होते, मग चेंबर तपासायचे. पट्ट्याच्या बंदुकीत आधी बोल्ट मागे घेऊन सेफ्टी लावायची, कव्हर उघडायचे, पट्टा उचलायचा, मग ट्रे उचलून खाली पडलेली गोळी किंवा लिंक आहे का ते पाहायचे आणि शेवटी चेंबरमध्ये नजर व बोट दोन्ही घालायचे. नुसता पट्टा उचलला म्हणून बंदूक रिकामी समजू नका. अर्ध्यात लिंकमधून सुटलेली गोळी ट्रेखाली पडून राहू शकते, आणि बोल्ट पुढे सोडताच तो तीच गोळी पुढे ढकलतो.